पहिला खांब

गणोजी शिर्के यांनी देवासच्या त्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात एकोणीस वर्षं एकच लॅब सांभाळली होती. मुलांनी प्रोग्राम लिहायचे, गणोजींनी चुका काढायच्या. माणूस मूळचा धारचा, घराण्यात कुणीतरी दरबारात होतं म्हणे. त्यामुळे मान अजून मिळाला नसला तरी तो वाटेत कुठेतरी अडकलाय, आज ना उद्या पोचेल, अशी त्यांची समजूत होती. यंदा तो पोचायची चिन्हं दिसत होती. लॅबच्या दारावर ‘प्रभारी’ अशी पाटी लागणार होती.

तेवढ्यात वैष्णवी आली.

सव्वीस वर्षांची पोरगी, तीही धारचीच. शिकली हिंदीतून, मराठी बोले घरच्यासारखी, पण वाचायला दिली की बोट धरून चालल्यासारखी वाचायची. मुलं मात्र तिच्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी. गणोजींच्या तासाला जी पोरं मागच्या बाकावर पेंगायची, तीच तिच्या तासाला पुढे बसू लागली. प्राचार्य मानसिंगराव तर दोनदा म्हणाले, “लडकी होशियार आहे हो!” गणोजींना एकोणीस वर्षांत कुणी एकदाही होशियार म्हटलं नव्हतं. त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते ओव्यानं थांबण्यातलं नव्हतं.

“भाजी लागली का गं?” एका संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं.

“भाजी बरी आहे,” कल्पनाबाई म्हणाल्या. “जळतंय ते दुसरंच काही. कॉलेजातून येताना घेऊन आलात.”

ठरलं असं, की शनिवारी शेजारच्या कारखान्यातले एक साहेब लॅब पाहायला येतील. त्यांच्यापुढे क्विकसॉर्ट आणि मर्जसॉर्ट, आकडे क्रमानं लावायच्या दोन्ही रीती, चालवून वेळ मोजून दाखवायचा. काम वैष्णवीला दिलं. ते बघून पाटीवर नाव कुणाचं ते प्राचार्य ठरवणार. गणोजींना म्हणाले, “तुम्ही जरा बाजूला राहून नजर ठेवा.” एकोणीस वर्षांनंतर बाजूला!

गुरुवारी ते नजर ठेवायला गेले. वैष्णवी डबा खायला गेली होती, प्रोग्राम पडद्यावर उघडा होता. मर्जसॉर्टमध्ये खोट सापडली नाही. यादीचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे, एकेक आकडा उरेपर्यंत. मग क्रमानं लागलेल्या दोन रांगांची तोंडं ताडून धाकटा आधी घ्यायचा आणि जोडत जायचं. ठेवायला वेगळी जागा लागते, पण यादी कशीही असो, वेळ जवळपास तेवढाच. मग क्विकसॉर्ट पाहिला. त्यात एक आकडा खांब म्हणून धरायचा, लहान ते डावीकडे, मोठे ते उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच.

वैष्णवीनं खांब धरला होता पहिलाच आकडा.

गणोजींनी शेजारची फाइल उघडली. कारखान्यानं दिलेले दहा लाख सुट्या भागांचे क्रमांक होते. यंत्रानं ठोकत नेलेले, एकाहून पुढचा एक. आधीच लागलेले! अशा यादीत पहिला आकडा सगळ्यांत लहान. डावीकडे कुणीच नाही, उजवीकडे बाकी सगळे, पुन्हा पहिला, पुन्हा तेच. दहा लाखांतून दर फेरीला एकच आकडा कमी होणार.

एका ओळीचं काम होतं. सांगितलं असतं तर पोरीनं तिथेच दुरुस्त केलं असतं. गणोजींनी फाइल बंद केली, खुर्ची होती तशी सरकवली आणि चहाला गेले. चहा त्या दिवशी फार गोड लागला.

शनिवारी साहेब आले. वैष्णवीनं आधी कसेही विखुरलेले दहा लाख आकडे दिले. क्विकसॉर्टला पंधरा शतांश सेकंद लागले, मर्जसॉर्टला एकवीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गणोजींनीही वाजवल्या, मोजून दोन.

“अब आमच्या कारखान्याचा डेटा,” साहेब म्हणाले.

मर्जसॉर्ट तेरा शतांशांत मोकळा झाला. मग क्विकसॉर्ट सुरू झाला आणि पडदा गप्प बसला. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. वैष्णवीनं ओढणीच्या टोकाला पीळ घातला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गणोजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला! तीनेक मिनिटांनी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं लिहून प्रोग्रामनं मान टाकली.

“ये क्या हुआ?” मानसिंगरावांचा आवाज चढला. “हा असा कुठून उचलला?”

वैष्णवीनं टेबलाच्या खणातून एक जुनी, कापडी पाठीची वही काढली. गणोजींनी ती लांबूनच ओळखली. त्यांची स्वतःची, नोकरीच्या पहिल्या वर्षाची.

“सर, कपाटात मिळाली. मी गणोजीसरांचाच प्रोग्राम घेतला,” ती म्हणाली. “मला मधला आकडा घ्यायचा होता, पण सरांनी बाजूला लिहिलंय ना, म्हणून बदलला नाही. हे बघा. ‘लावलेल्या यादीला पहिला खांब – शिक्षा!’ यादी लावायची तर पहिला खांब घ्या, ही सरांची शिक्षा आहे. इतक्या वर्षांचा अनुभव… मी कोण बदलणारी?”

मानसिंगराव जुन्या वळणाचं मराठी जाणणारे. त्यांनी ओळ वाचली आणि गणोजींकडे पाहिलं.

गणोजी पुढे झाले. पहिल्या वर्षी अशाच लागलेल्या यादीवर ते स्वतः अख्ख्या वर्गासमोर तोंडावर आपटले होते. त्या संध्याकाळी लाल पेनानं ही ओळ लिहिली होती, पुढच्याला ठेच लागू नये म्हणून. त्यांनी की-बोर्ड ओढला आणि मधला आकडा पहिल्याशी बदलून घेणारी एक ओळ घातली. क्विकसॉर्ट सहा शतांशांत मोकळा झाला. मर्जसॉर्टच्याही पुढे!

“वा, शिर्केसाहेब,” कारखान्याचे साहेब म्हणाले. “अनुभव तो अनुभव.” मानसिंगरावांनी मान हलवली. “पाटी तुमच्याच नावाची. संपलं.”

एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं उभ्याउभ्या हातात पडलं. आणि गणोजींना वैष्णवीकडे बघवेना.

साहेब गेल्यावर ती वही घेऊन जवळ आली.

“सर, शिक्षा म्हणजे मराठीत काय असतं?”

“सजा,” गणोजी म्हणाले.

“अरे देवा! मी हिंदीतली समजले, शिकवण!” ती स्वतःवरच हसली. “म्हणजे तुम्ही तर आधीच सांगून ठेवलं होतं. चूक माझीच. कोई बता देता तो…”

इथे गप्प बसलं की सगळं पार पडत होतं. गुरुवारी ते बसलेच होते.

“गुरुवारी मी तुझा प्रोग्राम पाहिला होता,” गणोजी म्हणाले. “फाइलही पाहिली होती. सगळं दिसलं होतं मला. सांगितलं नाही.”

वैष्णवी अजून हसतच होती. मग हसू हळूहळू उतरलं. तिनं वही मिटली, त्यांच्या हातात दिली आणि निघून गेली. एवढं मराठी तिला कळलं.