तेवीस पेल्यांचा डबा

खालच्या मजल्यावरच्या काकांना शाळेतली पोरं ‘थेंबकाका’ म्हणायची. चौतीस वर्षं ते शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बाटल्या धुणं, द्रावणं तयार करणं, चिठ्ठ्या चिकटवणं ही त्यांची कामं. साहेब कधी झाले नाहीत, व्हायची हौसही नव्हती. पण द्रावणात एक थेंब जास्त पडला तर सगळं ओतून नव्याने करायचे, म्हणून ते नाव पडलं. त्यांना ते आवडायचं. दूधवाल्याला मात्र ते अजिबात आवडायचे नाहीत, कारण घरी दूध घेतल्यावर काका ते मोजपात्रात ओतून बघायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती खरं तर त्यांच्या सुंदर अक्षरासाठी. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं घरच्या भट्टीत मधाचा केक भाजून विकला होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द वाट बघायला लावून येई. भट्टी माझ्या गळ्यात आली, आणि सोबत त्यांची वही. पानांवर लोण्याचे डाग, शाई उडालेली, त्यात सासूबाईंची लिहिण्याची काटकसर: ‘मै. ५ पे., सा. २ पे., म. १ पे., दू. १ पे., अं. ६, लो. तीन अं. एवढं, मी. १ चि.’ ज्याला कळतं त्याच्यासाठीच लिहिलेली वही होती ती, म्हणजे स्वतःसाठी.

काकांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “उतरवून देतो. पण ग्रॅममध्ये. पेले-बिले मी लिहिणार नाही. कोणाचा पेला? केवढा पेला?”

“घरातला,” मी म्हणाले.

“आणा.”

आणणार कुठून? तो पेला मीच भंगारात दिला होता. सासूबाई दवाखान्यात असताना मी घर आवरायला काढलं, आणि एक पोचा आलेला, काळवंडलेला पेला इतर चार भांड्यांबरोबर देऊन मोबदल्यात एक चकचकीत स्टीलची बरणी घेतली. आवरण्याची खाज म्हणतात ती हीच. तेव्हापासून माझा केक कधी बसका, कधी विटेसारखा. नेहमीची गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नव्हती, फक्त येत नव्हती. सासूबाई तर स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नव्हत्या. ताटलीत केक ठेवला की डाव्या हाताने हळूच बाजूला सारायच्या. त्यांना वाटत असणार, सुनेला जमत नाही. त्यांना पेल्याचं सांगायची माझी हिंमत नव्हती. केक पूर्वीसारखा झाला असता तर सांगायची वेळच आली नसती, आणि मला तेवढंच हवं होतं.

काकांना मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. “हरवलेल्या मापाचा नातेवाईक शोधायचा,” म्हणाले, आणि वहीचं एकेक पान वाचायला लागले.

तीन दिवस ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यापाशी बसले. ‘तीन अंड्यांएवढं लोणी’ आलं तेव्हा त्यांनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं काचेचं मोजपात्र आणलं, त्यात पाणी भरलं आणि अंडं अलगद सोडलं. पाणी अठ्ठेचाळीस मिलिलिटर वर चढलं. “लोणी पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे अठ्ठेचाळीस मिलिलिटर लोणी साधारण चव्वेचाळीस ग्रॅम. तिन्हींचं एकशे बत्तीस. एकशे तीस लिहा.” ‘भट्टीत हात धरून दहा आकडे मोजता यावेत’ या वाक्याला त्यांनी भट्टीत तापमापक ठेवला, हात मात्र माझा धरायला लावला. मी आकडे भराभर मोजतेय म्हणून ओरडले आणि स्वतः घड्याळ घेऊन मोजू लागले.

तिसऱ्या दिवशी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांना एक ओळ सापडली. ‘मैद्याचा मोठा डबा म्हणजे तेवीस पेले.’ पिठाचा अंदाज राहावा म्हणून कधीतरी लिहून ठेवली असणार. पेला गेला होता, पण डबा फळीवर तसाच होता. काका उठून उभे राहिले. इतके खूश झालेले मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

आम्ही डबा रिकामा करून धुतला आणि त्यात पाणी ओतायला लागलो. पाचशेच्या मोजपात्राची नऊ मापं गेली आणि वर शंभर. “चार हजार सहाशे. भागिले तेवीस. बरोब्बर दोनशे.” काकांनी भागाकार पुन्हा करून बघितला. “फारच गोल आकडा आला. निसर्ग एवढा सरळ नसतो.” पण लिहिलं. एक पेला म्हणजे दोनशे मिलिलिटर. मग चाळलेला मैदा, साखर, मध दोनशे-दोनशे मिलिलिटर वेगवेगळे तोलले, कारण पेला तोच असला तरी वजन एक येत नाही. मैदा शंभर ग्रॅम भरला आणि मध दोनशे ऐंशी. “पेल्याला काय, आत काय आहे ते कळत नाही,” काका म्हणाले, “काट्याला कळतं.”

मी त्या आकड्यांनी केक केला. मधोमध खड्डा पडला आणि अंड्याचा वास आला. काका ताटलीकडे इतक्या खिन्नपणे बघत होते की त्यांनाच चहा द्यावासा वाटला.

“अंडी मोजून घातलीत?”

“सहा. वहीत आहेत तेवढीच.”

“अंड्यांचं माप बदलत नाही,” ते हळूहळू म्हणाले. “लोणीही अंड्यांवरच. बाकी सगळं पेल्यावर आहे. पेला मी लहान धरला तर बाकी सगळं कमी पडणार आणि अंडी तेवढी शिरजोर होणार. म्हणजे चूक माझी आहे. पण कुठे?”

मग त्यांनी डबा कोरडा केला आणि पाण्याऐवजी मैदा भरून बघू म्हणाले. दोनशेच्या पात्राने, न दाबता, सपाट करून. मी ओतत होते आणि ते मोजत होते. तेविसावं माप पडलं तेव्हा डबा भरला होता, म्हणजे पुन्हा दोनशेच, आणि काकांचा चेहरा पडला होता.

“आपट.”

आम्ही दोघेही दचकलो. दारात सासूबाई उभ्या होत्या, डावा हात भिंतीला, नजर डब्यावर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. डबा भरताना होणारा आवाज त्यांच्या ओळखीचा, तो ऐकून आल्या असणार.

“डबा… आपट,” त्या म्हणाल्या. “पाच पेले… की आपटायचा. नाहीतर… पोतं मावत नाही.”

काकांनी कपाळाला हात लावला. “वहिनी, चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो की पाणी दबत नाही. मैदा दबतो हे मीच विसरलो.”

डबा रिकामा करून आम्ही पुन्हा सुरुवात केली. दर पाच मापांना मी डबा जमिनीवर दणदणा आपटत होते आणि सासूबाई मान हलवत होत्या. मैदा खाली बसत गेला, जागा होत गेली. आता डब्यात दोनशेची साडेसव्वीस मापं बसली. काकांनी कागदावर लिहिलं: पाच हजार तीनशे भागिले तेवीस. दोनशे तीस. एक पेला दोनशे तीस मिलिलिटर. चाळलेला मैदा पाच पेले म्हणजे पाचशे पंच्याहत्तर ग्रॅम. मध एक पेला, तीनशे बावीस. काकांनी आधीचा कागद फाडून टाकला. “आता हा आकडा मला पटतो,” ते म्हणाले. “वाकडा आहे.”

केक भट्टीत गेला. वास सुटला. तेव्हा मला राहवेना. मी सासूबाईंच्या खुर्चीजवळ बसले आणि म्हणाले, “आई, तुमचा पेला मी भंगारात दिला. चुकलं माझं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याची एकच बाजू हसली. “ठाऊक आहे. दवाखान्यातून… आले… त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांना बराच वेळ लागला. काका घड्याळाकडे बघतोय असं दाखवत उभे होते. “बोलले असते… तर तू भट्टीपाशी… आली नसतीस.”

मी रडले. लपवायचं काही कारण नव्हतं. सहा महिने मी या बाईला घाबरत होते, आणि ही बाई सहा महिने माझ्यासाठी जीभ चावून बसली होती. कृतज्ञ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो शब्द आधी मी फक्त आभारपत्रात वाचला होता.

केक निघाला. मधोमध सपाट, कडा सोनेरी. सासूबाईंनी डाव्या हाताने तुकडा घेतला, खाल्ला, आणि दुसरा घेतला. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे उभे. मग त्या म्हणाल्या, “मीठ… कमी.”

वहीत मीठ एक चिमूट होतं. काकांनी ते सोडून दिलं होतं, कारण माझी चिमूट त्यांना मान्य नव्हती. आता त्यांनी काटा पुढे ओढला, वर कागद ठेवला आणि मिठाची वाटी सासूबाईंपुढे सरकवली. “एक चिमूट या काट्याला कळत नाही, वहिनी. दहा घाला. मग दहाने भागू.”

सासूबाईंनी डावा हात उचलला.

“तो नाही,” काका म्हणाले. “वही उजव्या हाताची आहे.”

मी काहीतरी बोलणार होते, पण काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सासूबाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलून वाटीवर ठेवला. बोटं मिठात गेली. सहा महिन्यांत त्या हाताने काही धरलेलं मी बघितलं नव्हतं. अंगठा आणि बोट एकमेकांना शोधत होते. निम्मं मीठ ओट्यावर सांडलं, काकांनी ते पुसलं, कागदही झटकला आणि “ही मोजायची नाही, पुन्हा,” म्हणाले. आवाज शाळेतलाच. पुन्हा घातली. मी मोजत होते. पाचव्या चिमटीनंतर सांडणं कमी झालं. आठव्याला त्यांच्या कपाळावर घाम होता. दहावी झाली तेव्हा काटा चार ग्रॅमवर थांबला.

“एक चिमूट, शून्य पूर्णांक चार दशांश ग्रॅम,” काका म्हणाले. सगळी वही त्यांनी काळ्या शाईने, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या अक्षरात उतरवली होती. ही ओळ लिहिताना मात्र त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“शाईने का नाही?” मी विचारलं.

“हात अजून सुधारतोय,” ते म्हणाले. “दर महिन्याला पुन्हा तोलू.”

सासूबाईंनी तोवर अकरावी चिमूट घेतली होती.