खात्यात न दिसलेली टोकनं

माझी धाकटी बहीण निफाडला असते. तिच्याकडे थोडी क्रिप्टोची टोकनं होती आणि ती विकून लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. ती जिथे विकतात त्या एक्सचेंजवरचं खातं आमच्या ह्यांचं. ती तिच्या फोनमधल्या वॉलेटमधून ह्यांच्या खात्याच्या पत्त्यावर पाठवायची, हे विकून तिला पैसे द्यायचे. आधी दोनदा सुरळीत झालं होतं. म्हणून या वेळी तिने फोनमध्ये साठवलेला तोच पत्ता निवडला आणि होती नव्हती ती सगळी पाठवली.

"दाजी, आलं का?"

आलं नव्हतं. तिच्याकडे व्यवहार पूर्ण झालेला, ह्यांच्या खात्यात काहीच नाही. हे सारखं अ‍ॅप बंद करून उघडत होते. शेवटी ई-मेल धुंडाळली तेव्हा उलगडा झाला. एक्सचेंजने ते टोकन विक्रीच्या यादीतून काढून टाकलं होतं आणि यापुढे आलेलं जमा धरणार नाही, असं कळवलंही होतं. जाहिरातींच्या ढिगात ते ई-मेल न उघडता पडलेलं. उभा जन्म बँकेत काढलेला माणूस! मी तोंडाला येईल ते बोलले.

तक्रारीला उत्तर आलं: पत्ता आमचाच आहे, टोकनं तिथे पोहोचली आहेत, पण आमची यंत्रणा आता ती ओळखत नाही. व्यवहाराचा क्रमांक पाठवा, आमची माणसं तपासतील. परत मिळालीच तर शुल्क कापून मिळतील. खात्री देता येत नाही. बहिणीने स्वतः लिहून पाहिलं, तर म्हणाले, खातेदाराशीच बोलू.

मी देव पाण्यात घातले. फीची मुदत जवळ येत होती. बहीण रोज फोन करायची, तोही मलाच. "ताई, माझी टोकनं, आन् मलाच कोणी काही सांगत नाय. लय भीती वाटती." मी तिला धीर द्यायचे आणि फोन ठेवला की मलाच घाम फुटायचा. पोरीचं वर्ष गेलं असतं तर तिला तोंड कसं दाखवणार होते?

मग एके दुपारी ई-मेल आलं. परत देता येतील, कोणत्या वॉलेटवर पाठवू? ह्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच तिला फोन लावून म्हणाले, "माझ्याच वॉलेटवर मागवतो. दुसऱ्या एका एक्सचेंजवर अजून विकली जातायत. विकून तुला पैसे देतो."

ती म्हणाली,

"दाजी, राग मानू नका. जिथून निघाली तिथंच माघारी येऊ द्या. माझ्याकडं."

ह्यांनी तिचाच पत्ता कळवला. टोकनं तिच्याकडे पोहोचली, लेकीने ती दुसरीकडे विकली, भाव पडलेला असूनही फी कशीबशी भागली.

पोरगी आता हॉस्टेलवर आहे. बहीण माझ्याशी आठवड्यातून दोनदा तरी बोलते. पूर्वी शेवटी "दाजींना दे" म्हणायची, आता म्हणत नाही. तिचा फोन आला की हे मात्र अजून टीव्हीचा आवाज कमी करतात.