तळव्यातला खोकला

दांडी या खाडीकाठच्या गावातल्या शाळेत वत्सलाबाईंनी खोकताना तोंड कसं झाकायचं ते तळवा तोंडावर धरून, खोकून दाखवलं. पोरांनीही हौसेनं तसंच केलं. चिमीला मात्र खराच खोकला आला आणि त्याच हातानं तिनं सांभाळायला सोबत आणलेल्या, मांडीवरच्या धाकट्या भावाच्या तोंडात भाकरीचा घास घातला. बाई तिच्याकडे धावल्या.

“अगं, आधी हात धू!”

“गोडं पाणी लांबून आणाया लागतं. आय हात धुवाया देत नाय. आन तुमीच बोलला ना, तोंडावर हात ठेवा?”

पोरं खिदळली. इतक्यात सुट्टीची घंटा झाली. घरोघरी तान्ही पोरं वाट बघत होती. बाई दार अडवून उभ्या राहिल्या.

“कुणी हलायचं नाही. खोकायचं ते कोपराच्या वळणात!”

आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी त्यांनी एकेका तळव्यावर ओतलं, साबण चोळायला लावला. तांब्या संपत आला होता आणि रांग अजून दारापर्यंत होती.