टीमचा हुक्स फोल्डर आणि माझं टेबल

चाकणच्या आमच्या ऑफिसात कारखान्यांतल्या प्रेस मशीनचं सॉफ्टवेअर बनतं. तिथला माझा मान एका छोट्या स्क्रिप्टवर उभा होता. कोडमध्ये चुकून टेस्ट मशीनचा पत्ता राहिला, तर ती स्क्रिप्ट कमिट, म्हणजे बदलांची नोंद, अडवायची. कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटमधला असा आपोआप चालणारा हुक क्लोनबरोबर, म्हणजे कोडच्या प्रतीबरोबर, येत नाही, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ठेवावा लागतो. तो मी ठेवून द्यायचो, त्यामुळे जो तो माझ्या टेबलाशी यायचा. मला ते फार आवडायचं.

मग दापोडीची एक मुलगी टीममध्ये आली. तिने रेपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्येच, एक हुक्स फोल्डर आणि कमिट मेसेजचा साचा ठेवला: काय बदललं, का बदललं, तिकीट नंबर. सोबत एक सेटअप स्क्रिप्ट. ती एकदा चालवली की त्या क्लोनच्या सेटिंगमध्ये commit.template आणि core.hooksPath लागायचे, म्हणजे गिट तिचाच साचा आणि तिचाच हुक्स फोल्डर वापरायचं. सगळ्यांनी चालवली, मीही. मॅनेजर मीटिंगमध्ये तिचं तोंड भरून कौतुक करत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. एवढ्याशा कामाचं काय कौतुक!

पुढच्याच रिलीजला टेस्ट मशीनचा पत्ता थेट गिऱ्हाइकाच्या बिल्डमध्ये गेला. पाठवण्याआधी तपासणीत सापडला म्हणून वाचलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"मॅडम, तुमचा फोल्डर आल्यापासून हे सुरू झालं," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

तिने माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिलं. "दादा, hooksPath लावला की गिट जुना .git/hooks फोल्डर बघतच नाही. तुमची स्क्रिप्ट तिथेच पडून आहे, पण चालत नाही. मी आधी विचारायला हवं होतं, चुकलंच माझं. द्या ना, सामायिक फोल्डरमध्ये टाकू. म्हणजे सगळ्यांकडे जाईल."

चूक इतक्या सहज कबूल करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? मी स्क्रिप्ट दिली. तिने ती टाकली, चालवायची परवानगी लावली आणि कमिट मेसेजात माझं नाव घातलं. त्यानेही मला बरं वाटलं नाही.

काही दिवसांनी टीममधल्याच माझ्या सांगवीच्या मित्राचं कमिट अडलं. रोज मी त्याच्याच बाईकवर येतो. पूर्वी तो मलाच हाका मारायचा, आता लॅपटॉप उचलून तिच्याकडे गेला.

"हा हुक दादांचा आहे, त्यांना विचारा," ती म्हणाली.

मी खुर्ची वळवली. काय सांगायचं ते मनात तयारच होतं.

त्याने हुकने स्क्रीनवर दाखवलेला संदेश पुन्हा वाचला. "नको राव, कळलं. टेस्टचा पत्ता राहिलाय. लिहिलंय की इथे सगळं," असं म्हणून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

तो संदेश मीच लिहिला होता.