आत्याला एकही गोळी चालू नाही

इस्त्रीवाला आणि चपला शिवणारा यांच्यामधल्या चिंचोळ्या गाळ्यात आत्या मशीन घेऊन बसते. ती नेमकी कुणाची आत्या, हे आता तिच्या सख्ख्या भाच्यांनाही सांगता येणार नाही, कारण सगळी गल्लीच तिला आत्या म्हणते. नवे कपडे ती शिवत नाही, जुन्यांना जगवते. कॉलर विरली की उसवून उलटी बसवते, थोरल्याची पँट धाकट्याच्या मापात आणते, आणि जे अगदीच कामातून गेलं त्याचे खिसे तरी काढून ठेवते.

टाकणं तिला जमत नाही. घरात कुणाच्या पानात घास उरला तर तो तिच्या पोटात जातो. साबणाचा तुकडा नव्या साबणाला चिकटतो. सून म्हणते, आमच्या घरात कचऱ्याचा डबा आहे तो पाहुण्यांना दाखवायला.

हाच हात मग औषधांवरून फिरला. भाच्याला कातडीच्या विकारावर 'अ' जीवनसत्त्वाच्या भारी ताकदीच्या कॅप्सूल दिल्या होत्या. तो बरा झाला आणि अर्धी बाटली उरली. सुनेने केसांसाठी 'ई' च्या कॅप्सूल आणल्या, महिन्याभरात कंटाळली. शेजारणीच्या मुलीला माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा वास सहन होईना. वर कोपऱ्यावरचा औषधवाला. आत्या त्याच्या पँटी फुकट सैल करून द्यायची, तो दरवर्षी वाढायचा आणि दरवर्षी ओशाळायचा. त्या ओशाळेपणापोटी तो तारीख उलटत आलेल्या ताकदीच्या बाटल्या पिशवीत घालून द्यायचा. जीवनसत्त्वंच ती, त्यांनी कुणाचं काय वाईट होणार, असा त्याचा हिशेब. आत्या प्रत्येकाला दुवा द्यायची आणि सकाळी चहाबरोबर मूठभर गिळून टाकायची. गुडघ्यांसाठी दिरांच्या उरलेल्या ॲस्पिरिनची एखादी गोळीही त्यात असायची. माणसं इतक्या मायेने देतात, नाही कसं म्हणायचं?

पहिल्यांदा ओठ फुटले. तोंडाचे कोपरे चिरले, तळहाताची सालं निघायला लागली. साबण बदलला. मग केस गळू लागले आणि हाडं ठणकू लागली. वय झालं, असं तिनेच निदान केलं. दंडावर कुठे आपटल्याचं आठवत नसताना निळे डाग दिसत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. ब्रश बदलला. सकाळी उठताना डोकं ठणके, वाकून सुई उचलताना तर फुटेल असं वाटे. आणि एके दिवशी काळ्या पँटीवर टीप मारताना तिला एकाशेजारी एक अशा दोन टिपा दिसल्या. मारलेली एकच होती.

याला मात्र ती घाबरली. डोळे गेले तर मशीन गेलं, आणि मशीन गेलं की दिवसभर घरात बसून सुनेला शिकवत राहण्याखेरीज काम उरणार नाही, ही कल्पना दोघींनाही सोसणारी नव्हती. 'अ' डोळ्यांना चांगलं, हे शाळेत पाठ केलेलं तिला पक्कं आठवत होतं. तिने सकाळची एक कॅप्सूल वाढवून दोन केल्या.

चष्म्याचा नंबर बदलला असेल, बघू सवडीने, असं ती म्हणत राहिली. सुनेने सवडीची वाट बघितलीच नाही. दुपारी गाळ्यावर येऊन तिने मशीनवर झाकण घातलं आणि रिक्षा थांबवली. आत्या वाटभर कुरकुरली की गिऱ्हाईकाची पँट आज द्यायची होती. सून म्हणाली, तो लुंगीवर थांबेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत थेंब टाकून आत बघितलं आणि बोलणंच कमी केलं. दोन्ही डोळ्यांमागच्या नसेवर सूज होती. म्हणजे डोक्याच्या आत दाब वाढलाय, असं त्यांनी सांगितलं, आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रिक्षात सुनेने आत्याचा हात धरून ठेवला. तिच्या मनात काय आलं असेल ते आत्याच्याही मनात आलं होतं.

डोक्याचा फोटो निघाला. गाठ नव्हती. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, त्याचा दाब वाढलेला होता, बाकी सगळं स्वच्छ. मोठ्या डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढ्याच होत्या. त्यांनी आत्याचे तळहात उलटसुलट पाहिले, ओठ पाहिले, दंडावरचे डाग पाहिले, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं.

"मला एकही गोळी चालू नाही," आत्या अभिमानाने म्हणाली. तिच्या मते हे शंभर टक्के खरं होतं. तिच्या नावाने एकही कागद नव्हता. ती घेत होती त्या सगळ्या दुसऱ्यांच्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, तीच उलट हसली. त्या विचारात पडल्या. समोर कागद पसरलेले होते, जागा करायला म्हणून त्यांनी टेबलावरच्या पसाऱ्यातली नमुन्याच्या गोळ्यांची एक पट्टी उचलली, मागची तारीख बघितली आणि पायाशी असलेल्या टोपलीकडे हात नेला.

आत्याचा हात मध्ये आला. "टाकताय कशाला? द्या इकडे. दोन उरल्यात की अजून."

मग डॉक्टरीणबाईंनी पट्टी आपल्याच मुठीत ठेवली आणि हळूच विचारलं, "आत्या, अशी आणखी किती वाया जाऊ दिली नाहीत?"

सुनेने घरी फोन लावला. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांतून एकेक बाटली काढून नावं वाचायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून विचारलं की आई आहे ना नीट.

रक्तात 'अ' भरमसाट वाढलेलं निघालं, यकृताचे आकडेही बिघडलेले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून समजावलं. काही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची बहुतेक लघवीवाटे निघून जातात. 'अ' आणि 'ई' चरबीत विरघळणारी. शरीर ती सहजासहजी बाहेर टाकत नाही, साठवत राहतं. 'अ' तर यकृतात साठतं, आणि कोठार ओसंडलं की सगळीकडे विष होऊन फिरतं. कातडी, केस, हाडं, डोक्यातला दाब, सगळं त्याचंच. 'ई' फार झालं की रक्त लवकर गोठत नाही, त्यात ॲस्पिरिनची भर, म्हणून ते निळे डाग.

"म्हणजे यकृताला माझीच खोड," आत्या पुटपुटली. सून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

औषध म्हणजे मुख्यतः सगळं बंद करणं. दाब उतरायला तेवढ्या एका गोळीचा कागद मिळाला, आत्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला. ठणका काही आठवड्यांत गेला, कातडी मऊ झाली, केसांनी बराच वेळ घेतला. गाळ्यावर भेटायला येणारे येत होतेच. शेजारीण कानकोंडी झाली होती. औषधवाला तर मान खाली घालून आला आणि माफी मागू लागला. आत्याने त्याला बसवलं, म्हणाली की तू देताना चांगलंच मनात होतं ना, तेवढं मी ठेवून घेतलं. तेवढंच, पिशवी नको. तेव्हापासून तो जुना माल कंपनीला परत पाठवतो.

शेवटच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की सूज पूर्ण उतरली. आणखी थोडा उशीर झाला असता तर नजर परत आली नसती, हेही सांगितलं. आत्याने त्यांचे हात जोडून आभार मानले. रिक्षावाल्याचे मानले. सुनेला मात्र ती वाटभर काही म्हणाली नाही. घरातल्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गर्दी होती. आत्या काळ्या कापडावर टीप मारत होती. एकच टीप, सरळ. सून डबा घेऊन आली, तशी आत्या मान वर न करता गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे डोळे हिचे आहेत. माझे होते ते मी घालवले होते."

गिऱ्हाइकं सुनेकडे बघू लागली. तिने डबा ठेवला, पदराने कपाळ पुसलं. "माझे ना? मग उन्हं उतरल्यावर काळ्या कापडावर चालवायचे नाहीत. उठा, जेवून घ्या."

आत्याने पायडलवरून पाय काढला आणि टीप अर्धी सोडून उठली.