सुनीती दांडेकरांची नोटीस

सुनीती दांडेकर म्हणजे नवऱ्याच्या बदल्यांपायी सात गावं फिरलेली बाई. अविनाश बँकेत, त्याची खुर्ची पुढच्या गावी तयारच असायची. हिचा मात्र दर वेळी नव्याने श्रीगणेशा! कोलकात्यात बागबाजारच्या एका खासगी रुग्णालयात तिला करारांचं काम मिळालं. तिला खोड एकच, करार शेवटच्या पानापर्यंत वाचायची. बाकीची मंडळी किमतीचं पान बघून सही ठोकत.

ती यायच्या आधीच रुग्णालयाने अँब्युलन्सचे फोन घ्यायचं काम एका कॉल सेंटरला दिलं होतं. शंभरातले पंचाण्णव फोन वीस सेकंदांत उचलायचे, अशी कराराने ठरवलेली पातळी. ती चुकली तर त्या महिन्याच्या बिलात दहा टक्के सूट. तिचं नाव सर्व्हिस क्रेडिट. सलग तीन महिने पातळी चुकली आणि रुग्णालयाचे संचालन प्रमुख हेमंतबाबू खुशीत! बिल कमी झालं म्हणे. आता बोला!

मग एके दिवशी अँब्युलन्स विभागातली नर्स कालिंदी सुनीतीसमोर येऊन बसली. एक म्हातारी अकरा मिनिटं फोन लावत होती, शेवटी नवऱ्याला टॅक्सीत घालून घेऊन आली. नवरा वाचला, हे तिचं नशीब.

"दीदी, सूट आपल्याला मिळाली," कालिंदी म्हणाली. "त्या बाईला काय मिळालं?"

सुनीती तडक हेमंतबाबूंकडे गेली आणि करार मोडा म्हणाली. त्यांनी शांतपणे परिशिष्ट उघडून दाखवलं: पातळी चुकल्यास क्रेडिट हाच ग्राहकाचा एकमेव उपाय. कराराची अजून दोन वर्षं बाकी होती. हेमंतबाबूंनी हात वर केले आणि विषय संपवला.

संपवू दे त्यांना! सुनीती जागेवर आली आणि मूळ करार पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. बाविसाव्या कलमाशी तिचं बोट थांबलं. परिशिष्टात काहीही असलं तरी, सलग तीन महिने पातळी चुकली तर ग्राहकाला तीस दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल. आणि शेवटून दुसऱ्या पानावर होतं की दोहोंत विसंगती आली तर मूळ करार वरचढ.

तिने लगेच वकील सलीलबाबूंना फोन लावला. त्यांनी कागद मागवून घेतले, वाचले आणि सरळ सांगितलं. चुकलेल्या महिन्यांची जास्तीची भरपाई विसरा, ते दार क्रेडिटने बंद केलंय. बाहेर पडायचं दार मात्र उघडं आहे. "पण आजच," ते म्हणाले. "तिसऱ्या महिन्याचा अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पोचायला हवी. आज तिसावा."

त्यात ईमेल चालत नव्हता. कंपनीच्या गार्डन रीचच्या नोंदणीकृत कार्यालयात सहाच्या आत हातोहात द्यायची, असं करारातच लिहिलेलं. घड्याळात सव्वातीन. सलीलबाबूंनी मसुदा पाठवला, पण हेमंतबाबूंचा पेन काही हलेना. क्रेडिट तर आपण घेतलं, मग आता हक्क कसला, हे त्यांचं तुणतुणं.

"क्रेडिट झाल्या महिन्यांच्या खराब कामाचं," सुनीती म्हणाली. "पुढची दोन वर्षं आपण त्यात विकलेली नाहीत."

हेमंतबाबूंनी सही केली.

टॅक्सी खिदिरपूरपाशी जी अडकली ती अडकलीच. पाच वाजून पाच मिनिटं! बाई उतरल्या, साडीचा पदर खोचला, ट्रकांच्या मधून वाट काढत पुढच्या नाक्यापर्यंत चालत गेल्या आणि ऑटो पकडली. छाती धपापत होती आणि खरं सांगायचं तर इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

कार्यालयातल्या व्यवस्थापकाने चहा मागवला आणि गोड हसत एकमेव उपायाचं परिशिष्ट तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिने चहाला हात लावला नाही. बाविसावं कलम त्याच्यापुढे सरकवलं, त्यावर बोट ठेवलं आणि पोच मागितली. त्याने वरच्यांना फोन केला, बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि मग निमूटपणे शिक्का मारला. पाच बेचाळीस!

तीस दिवसांनी फोन रुग्णालयातच यायला लागले, कालिंदीच्या हाताखाली चार मुली बसवून. पहिल्या सकाळी सुनीतीला काही राहवेना. घरून निघायच्या आधी तिने तो नंबर फिरवला. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"अँब्युलन्स. कुठे पाठवू?" कालिंदीने बंगालीत विचारलं.

सुनीतीला शब्द फुटेना. कालिंदीने दोनदा पत्ता विचारला, मग चांगलंच फैलावर घेतलं. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर बोला, नाहीतर फोन ठेवा, लाइन मोकळी हवी.

सुनीतीने लगेच फोन ठेवला आणि डोळे पुसले.