कणकेतलं तूप

अठरा वर्षं तव्यापुढे उभी राहिलेली बाई भांडी घासायला बसली, की तिच्या डोक्यात काय शिजत असेल हे कुणी विचारत नाही. थोरलीला तर कुणीच विचारलं नाही.

वजन उतरवायला माणसं महिनाभर राहायला येत, त्या केंद्राच्या स्वयंपाकघरातली गोष्ट. चपात्या थोरलीच्या हाताच्या. भाजून झाली की वर अर्धा छोटा चमचा तूप, म्हणजे फार तर दोन ग्रॅम, अठरा कॅलरी. चमचा ठरलेला, हात ठरलेला. तिनेच आपल्या धाकट्या जावेला तिथं कामाला लावलं, लाटायला शिकवलं, आणि चपाती मऊ राहायला कणकेत तुपाचं मोहन कसं घालायचं तेही शिकवलं. पाहुण्यांसाठी, घरी.

नव्या डाएटवाल्या मॅडम आल्या, त्या आठवड्यात धाकटीने हळूच त्यांच्या कानावर घातलं, की ताईंचा हात तुपाला सैल आहे. मॅडमनी डबा उघडला. चपात्या चकाकत होत्या. थोरली चमचा दाखवू लागली, तर मॅडम म्हणाल्या, डोळ्यांना दिसतंय ते पुरे आहे. दुसऱ्या दिवशी तव्यापुढे धाकटी आणि मोरीत थोरली.

धाकटीच्या चपात्या कोरड्या दिसत, पण सकाळची चपाती संध्याकाळीही मऊ. मॅडमनी तक्त्यात लिहिलं: बिनतुपाची, एकशेदहा कॅलरी. पीठ आणि पाण्याची तेवढीच होते म्हणा. थोरलीने पहिल्याच दिवशी एक तुकडा मोडून पाहिला. पापुद्रा सुटला, बोटं ओशट झाली. तिला सगळं कळलं. बोलायला तोंड उघडलं, आणि परत मिटलं. आत्ता बोलले तर धाकटी चार शब्द ऐकून सुटेल. तिला असं आपटायचं, की परत उठता कामा नये.

थोरली थांबली. भाजी तेलात व्हायची, तुपाला दुसरी वाट नव्हती. तरी दर तीन-चार दिवसांनी किलोची रिकामी बरणी मोरीत यायची. ती घासून, पुसून थोरली मोरीमागच्या फळीवर उपडी ठेवायची. एक, दोन, तीन. प्रत्येक बरणीगणिक तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, जेवणापेक्षा बरं वाटायचं.

त्या महिन्यात गुडघेवाले काका होते. जुने ट्रक ड्रायव्हर. महिनाअखेर चार किलो उतरले तरच गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळणार होती. पानातली भाजी मोजून खात, दिवसाला सहा चपात्या, मॅडमनी आखून दिल्या तेवढ्याच. स्वतःचं ताट स्वतः मोरीत आणून देत आणि म्हणत, "बाई, नातीला शाळेत सोडायला चालत जायचंय मला."

शेवटच्या दिवशी काट्यावर काकांचे तीनच किलो उतरले. तारीख गेली. मॅडमनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, चोरून काय खाता. काका काट्यावरून उतरून टेबलापाशी खुर्चीत बसले.

तेव्हा थोरली पदराला हात पुसत आली आणि नऊ बरण्या एकेक करून मॅडमच्या टेबलावर मांडल्या. सावकाश. धाकटीचा चेहरा उतरत गेला तो तिने डोळे भरून पाहिला.

"दोन किलो कणकेला तीनशे ग्रॅम तूप," ती म्हणाली. "साठ चपात्या. चपातीला पाच ग्रॅम. तव्यावर ते उडून जात नाही मॅडम, पोटातच जातं. माझं वर दिसायचं, हिचं आत असायचं, एवढाच फरक."

मॅडमनी कागद ओढला. पाच ग्रॅमच्या पंचेचाळीस कॅलरी. सहा चपात्यांच्या दोनशेसत्तर. तीस दिवसांच्या आठ हजार शंभर. साधारण एक किलो. त्यांनी तक्त्यातली ओळ खोडली आणि धाकटीला अ‍ॅप्रन उतरवायला सांगितलं. मऊ चपातीचं कौतुक व्हावं म्हणून घालत होते, असं धाकटी रडत पुटपुटली. सगळं थोरलीला हवं तसंच झालं होतं.

मॅडमनी काकांची माफी मागितली. काकांनी मान हलवली, पण ते मॅडमकडे बघत नव्हते. बरण्यांकडे बघत होते. बहुतेक मोजत होते.

"बाई," ते थोरलीला म्हणाले, "ही पहिली बरणी कधीची?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं.

"पहिल्या आठवड्यातली," ती म्हणाली.

काकांनी काठी घेतली, टेबलाला धरून उठले आणि एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेले. तेवढ्या अंतराला फार वेळ लागला. थोरलीला सगळा वेळ बघत राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तवा तिला परत मिळाला. चपाती भाजली, वर अर्धा चमचा तूप लावलं. चमचा ठरलेला होता, हात मात्र ठरत नव्हता.